आधी वेळ सांगा, मग नंबर विचारा

रविवारी सकाळी कर्जत स्टेशनवर उतरा. पाठीला सॅक, पायात ट्रेकिंगचे शूज, हातात वडापाव आणि मोबाइल, अशी कॉलेजातली मुलंमुली घोळक्यानं बाहेर पडताना दिसतील. कोणी कोटलीगडाला निघालेलं असतं, कोणी कोंडिवडेमार्गे राजमाचीला, तर कोणी खोपोलीच्या गाडीची वाट बघत असतं. सकाळी सगळेच उत्साहात असतात. खरा प्रश्न दुपारी पडतो, वर राजमाचीच्या उधेवाडीत झुणका-भाकरी खाऊन आडवं झाल्यावर. परतीची लोकल पकडायची, तर इथून निघायचं कधी?

आता समजा, कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या कॉलेजात तुम्ही शेवटच्या वर्षाला आहात आणि चौघांनी मिळून हाच प्रश्न प्रोजेक्टला घेतलाय. ट्रेक निवडला की ‘इतक्या वाजता उतरायला लागा’ असं सांगणारं ॲप. कल्पना उपयोगाची आहे. आता ते कोणीतरी पहिल्यांदा उघडतं. आधी लोगो येतो, मग सह्याद्रीच्या सुंदर फोटोंच्या चार स्लाइड्स. त्यानंतर मोबाइल नंबर मागितला जातो, मग ओटीपी. पुढे नाव, कॉलेज आणि जन्मतारीख. मग लोकेशनची परवानगी आणि नोटिफिकेशनची परवानगी. एवढं पार केल्यावर होमस्क्रीन येतो, तोही रिकामा, कारण अजून ट्रेक निवडलेलाच नाही.

उधेवाडीत रेंज येते आणि जाते. ओटीपीचा मेसेज अडकला, साठ सेकंदांचा आकडा उलटा मोजत संपला, ‘पुन्हा पाठवा’ दाबलं, पुन्हा तेच. दोन मिनिटांनी फोन खिशात जातो. ‘निघू रे, अजून वेळ आहे,’ असं म्हणत मंडळी चारपर्यंत बसून राहतात. कोंडाण्याच्या जंगलात अंधार पडतो तेव्हा तुमचं ॲप त्यांच्या फोनमध्ये असतं, पण त्यांच्या काहीही कामाचं नसतं.

वापरणाऱ्याला ॲपच्या पहिल्या ओळखीत जे स्क्रीन दिसतात, त्यांना डिझाइनच्या भाषेत ऑनबोर्डिंग म्हणतात. ते कसे रचायचे, हे याच राजमाचीच्या उदाहरणावर करून बघू.

पहिला फायदा म्हणजे नेमकं काय?

कामाला बसल्यावर पहिला प्रश्न टीमला विचारा. आपलं ॲप उघडणाऱ्या माणसाला ‘हां, कामाचं आहे’ असं कोणत्या क्षणी वाटेल? या क्षणाला ‘फर्स्ट व्हॅल्यू’ म्हणतात. आपण त्याला पहिला फायदा म्हणू. तो एका वाक्यात आणि वापरणाऱ्याच्या बाजूनं लिहिता आला पाहिजे. ‘युजरनं प्रोफाइल पूर्ण केलं’ हा तुमचा फायदा झाला. ‘राजमाचीवरून किती वाजता उतरायचं ते कळलं’ हा त्याचा.

याचं आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे एम-इंडिकेटर. कल्याणच्या पुढे राहणाऱ्या बहुतेकांच्या फोनमध्ये ते असतं. सचिन टेके यांनी बनवलेल्या या ॲपमध्ये लोकलचं टाइमटेबल बघायला खातं उघडावं लागत नाही आणि नेटही लागत नाही. वेळा फोनमध्येच साठवलेल्या असतात. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली या फाट्यावर राहणाऱ्याला याची किंमत लगेच कळते. या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. एक चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ बसावं लागतं. जिना उतरताना माणसाला एकच गोष्ट हवी असते, ‘पुढची खोपोली कधी?’ त्या वेळी समोर नाव-गाव-ईमेलचा फॉर्म आला असता, तर किती जणांनी तो भरला असता?

यात शिकण्यासारखी गोष्ट अशी की, पहिला फायदा द्यायला वापरणाऱ्याबद्दल काहीही माहीत असण्याची गरज नव्हती. गाडीची वेळ सगळ्यांना सारखीच. आपल्या ट्रेकच्या ॲपचंही तसंच आहे. उतरायची वेळ काढायला कोणाचा मोबाइल नंबर लागत नाही.

हिशेब मांडून बघू

उत्तर कसं निघतं ते बघा. आकडे फक्त उदाहरणापुरते धरले आहेत, त्यांच्या भरवशावर ट्रेकला जाऊ नका. कर्जतहून संध्याकाळी साडेसहाची गाडी धरायची आहे. स्टेशनवर अर्धा तास आधी पोहोचायचं, म्हणजे सहा. कोंडिवड्याहून शेअर रिक्षा मिळून कर्जतला यायला पाऊण तास, म्हणजे सव्वापाच. उधेवाडीवरून लेण्यांच्या वाटेनं कोंडिवड्याला उतरायला तीन तास, म्हणजे सव्वादोन. अर्थात, जेवण झाल्या झाल्या निघायचं. वर बसलेल्याला हे उत्तर अनपेक्षित वाटतं, म्हणूनच ते कामाचं आहे.

या हिशेबाला चार गोष्टी लागल्या. कोणता ट्रेक, कोणती गाडी, रिक्षाचा वेळ आणि उतरायचा वेळ. शेवटच्या दोन ॲपनंच ठाऊक ठेवायच्या. गाडीही ॲपनं आधीच सुचवायची, हवी तर माणूस बदलेल. राहिलं एकच, ट्रेक कोणता. म्हणून पहिला स्क्रीन सरळ ट्रेकच्या यादीचा करा. राजमाची, कोटलीगड, पेब, इर्शाळगड, ढाक. नावावर बोट ठेवलं की मोठ्या अक्षरांत ‘२.१५ ला निघा’ आणि त्याखाली हिशेबाच्या तीन ओळी. एका टॅपमध्ये उत्तर.

स्लाइड्सचं काय करायचं? त्यांत लिहिलेलं सगळं उत्तराच्या स्क्रीनवर दिसतंच. ‘परतीची वेळ आता सोपी’ असं सांगणारी स्लाइड काढून टाकली आणि थेट वेळ दाखवली, तर काही बिघडत नाही. एखादी गोष्ट समजावून सांगायलाच हवी असेल, तर ती जिथे लागते तिथे एका ओळीत लिहा. गाडीच्या वेळेशेजारी ‘बदलायला इथे टॅप करा’ एवढं पुरे.

प्रत्येक दाराशी गळती

‘सर, एक नंबर टाकायला कितीसा वेळ लागतो?’ टीममधलं कोणीतरी हे विचारणारच. वेळ थोडाच लागतो, पण प्रत्येक स्क्रीन हे एक दार असतं आणि प्रत्येक दाराशी काही जण परत फिरतात. समजा, दर १०० जणांतले ८५ दार ओलांडतात. हा आकडा बराच उदार धरलाय. एका दारानंतर ८५ उरले, दुसऱ्यानंतर ७२, तिसऱ्यानंतर ६१, चौथ्यानंतर ५२ आणि पाचव्यानंतर ४४. कोणतंही एक दार वाईट वाटत नाही, तरी निम्म्याहून जास्त लोक तुमचं उत्तर न बघताच गेले.

या विषयातली एक जुनी गोष्ट डिझाइनवाले अजून सांगतात. अमेरिकन संशोधक जेरेड स्पूल यांनी ती २००९ मध्ये लिहिली. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात वस्तू निवडून पैसे भरायला निघालं की आधी लॉगिनचा फॉर्म यायचा. ईमेल, पासवर्ड, ‘लॉगिन’ आणि ‘रजिस्टर’ अशी दोन बटणं. दुकानाला वाटत होतं की जुन्या गिऱ्हाइकांना हे सोयीचं पडेल. प्रत्यक्षात नवे लोक फॉर्म बघून वैतागत होते आणि जुन्यांना कोणता ईमेल दिला होता तेच आठवत नव्हतं. डेटाबेस तपासला तर ४५ टक्के गिऱ्हाइकांची एकाहून जास्त खाती निघाली, काहींची तर दहापर्यंत. मग ‘रजिस्टर’च्या जागी ‘पुढे चला’ असं बटण आलं आणि खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही, असं शेजारी लिहिलं. खरेदी पूर्ण करणाऱ्यांची संख्या ४५ टक्क्यांनी वाढली आणि पहिल्या वर्षात विक्रीत ३० कोटी डॉलर्सची भर पडली.

इथे लक्षात घ्या, खातं काढून टाकलं नव्हतं. खरेदीच्या दरम्यान ज्याला हवं त्याला ते उघडता येत होतं. बदलली ती फक्त विचारायची वेळ.

मग साइनअप मागायचं कधी?

भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोनं हाच प्रयोग केला. आधी खातं उघडल्याशिवाय धडा सुरू होत नव्हता. त्यांनी साइनअपचा स्क्रीन मागे ढकलला. आधी धडा करून बघा, मग विचारू. त्या बदलामुळे रोज येणाऱ्यांची संख्या साधारण २० टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी सांगितलं आहे. कारण सोपं आहे. धडा संपल्यावर ‘तुमची प्रगती जपून ठेवायची असेल तर प्रोफाइल बनवा’ असं म्हटलं, तर माणसाकडे जपून ठेवण्यासारखं काहीतरी असतं. पहिल्याच स्क्रीनवर त्याच्याकडे काहीही नसतं.

आपल्या ॲपमध्ये हा क्षण कुठे येतो ते शोधू. उत्तर बघून झाल्यावर माणसाला काय काय करावंसं वाटेल, त्याची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा, ‘याला खरंच खातं लागतं का?’

घरी कळवायचं आहे, ‘साडेसहाची गाडी धरतोय’. याला खातं लागत नाही. फोनचा स्वतःचा शेअर मेनू उघडा, तो व्हॉट्सॲपवर पाठवेल. प्लॅन सेव्ह करायचाय. तो फोनमध्येच ठेवा, सर्व्हर कशाला? सव्वादोनला आठवण हवी आहे. त्यालाही खातं नको, नोटिफिकेशनची परवानगी मात्र हवी. ती ‘आठवण दे’ हे बटण दाबल्यावरच मागा. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांमध्ये माणसानं दोनदा नकार दिला, की ॲपला तो प्रश्न पुन्हा विचारताच येत नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी कोण देतंय? ॲप उघडल्या उघडल्या परवानगी मागणं म्हणजे हातातली संधी वाया घालवणं. लोकेशनचंही तेच. ‘मी आत्ता कुठे आहे ते धर’ असं कोणी म्हणालं, तरच विचारा.

आता राहिली शेवटची गोष्ट. कोणाला लिहायचंय, ‘लेण्यांच्या पुढे ओढ्याला पाणी वाढलंय, वाट बदला.’ ही सूचना दुसरे लोक वाचून निर्णय घेणार. ती कोणी दिली, त्या माणसानं आधी काय काय लिहिलंय, खोटी निघाली तर कोणाला थांबवायचं, हे कळायला हवं. इथे खातं मागणं रास्त आहे आणि माणसालाही ते पटतं. पण तेही लिहून झाल्यावर मागा आणि मागताना त्यानं लिहिलेला मजकूर पुसला जाऊ देऊ नका. रेंज नसेल तर सूचना फोनमध्ये थांबवून ठेवा, खाली आल्यावर विचारा. पैसे भरणं, एका माणसाला एकच मत, एकच खातं दोन फोनवर वापरणं, अशा ठिकाणीही साइनअप लागतंच. तिथे ते टाळायची धडपड करू नका.

पाहुण्याचा डेटा कुठे जातो?

खात्याशिवाय ॲप चालवायचं तर थोडं तांत्रिक काम अंगावर येतं, आणि बहुतेक प्रोजेक्ट इथेच अडकतात. पद्धत अशी. पहिल्यांदा ॲप उघडलं की फोनवरच एक लांबलचक रँडम आयडी तयार करा आणि सेव्ह केलेले प्लॅन त्याच्या नावावर ठेवा. यात नाव नाही, नंबर नाही. पुढे माणसानं खातं उघडलं, की या आयडीखालचं सगळं त्या खात्याला जोडा.

जोडताना एक अवघड प्रसंग येतो. त्याचं जुनं खातं आधीपासूनच असेल तर? समजा, जुन्या खात्यात कोटलीगडाचा प्लॅन आहे आणि या फोनवर पाहुणा म्हणून राजमाचीचा. घाईत लिहिलेला कोड एकावर दुसरं लिहून टाकतो आणि राजमाची गायब होते. नियम साधा ठेवा, दोन्ही राहतील. नको तो माणूस स्वतः काढेल. दुसरी मर्यादा अशी, पाहुण्यानं ॲप अनइन्स्टॉल केलं किंवा फोन बदलला, तर त्याचे प्लॅन जाऊ शकतात. हे लपवू नका. तिसरा-चौथा प्लॅन सेव्ह झाल्यावर खाली एक ओळ दाखवा, ‘हे प्लॅन फक्त या फोनवर आहेत. दुसरीकडे हवे असतील तर खातं उघडा.’ शेजारी ‘नंतर’ असं बटण, आणि तेही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.

कमी माहिती मागण्याला आता कायद्याचंही कारण आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार सांगितलेल्या कामाला आवश्यक तेवढीच माहिती संमतीच्या आधारे घेता येते आणि १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते. अकरावी-बारावीची मुलं ट्रेकला येतातच की. जन्मतारीख आणि कॉलेज तुम्ही कशासाठी विचारत होता, याचं उत्तर टीमकडे नसेल तर ते रकाने काढून टाका. ॲपलचा नियमही सांगतो की, ॲपमध्ये खात्यावर आधारलेलं महत्त्वाचं असं काही नसेल तर लोकांना लॉगिनशिवाय ते वापरू द्या.

व्हायव्हाला काय दाखवायचं?

आता टीममधला खरा वाद. ‘साइनअप नाही ठेवलं तर किती युजर आले ते सरांना कसं दाखवणार?’ प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर असं की, साइनअपचा आकडा किती जणांनी नंबर दिला तेवढंच सांगतो. त्यांना वेळ कळली का, हे त्यातून दिसत नाही. त्याऐवजी तीन घटना मोजा. ॲप पहिल्यांदा उघडलं, उतरायची वेळ स्क्रीनवर दिसली आणि सात दिवसांत माणूस परत आला. पहिल्या दोन घटनांमध्ये किती सेकंद गेले, हा तुमचा मुख्य आकडा. घटना फोनमध्ये साठवा आणि नेट आलं की पाठवा, नाहीतर डोंगरावरचे नेमके तेच लोक मोजणीतून सुटतील.

सरासरी काढताना जपा. नऊ जणांना दहा सेकंद लागले आणि एकानं ॲप उघडं ठेवून वडापाव खाल्ला, त्याला दहा मिनिटं लागली, तर सरासरी ६९ सेकंद येते आणि ॲप उगाच संथ दिसतं. सगळे आकडे चढत्या क्रमानं लावून मधला घ्या, तो दहाच येईल. शिवाय ज्यांना उत्तर दिसलंच नाही त्यांचा आकडा वेगळा लिहा. ते सरासरीत कधीच येत नाहीत, आणि तुमची खरी अडचण तिथेच असते.

कोड लिहायच्या आधीच एक चाचणी करता येते. कागदावर स्क्रीन काढा किंवा साधा प्रोटोटाइप फोनवर घ्या, आणि रविवारी सकाळी कर्जत स्टेशनबाहेर पाच ट्रेकर्सना विचारून त्यांच्या हातात द्या. सांगायचं फक्त एवढंच, ‘राजमाचीवरून किती वाजता निघायचं ते यात बघून सांगाल का?’ मग तोंड बंद ठेवून घड्याळ बघायचं. मदत करायची नाही, हे सगळ्यात कठीण. कोणी थबकलं, कोणी बॅकचं बटण दाबलं, कोणी ‘हे कशाला मागतंय?’ म्हणालं, ते कोणत्या स्क्रीनवर, एवढंच टिपून घ्या. पाचातले तीन एकाच जागी अडले तर दोष तुमच्या स्क्रीनचा आहे.

दुसरी चाचणी घरबसल्या होते. ॲप नव्यानं इन्स्टॉल करा, उघडायच्या आधी फोन फ्लाइट मोडवर टाका आणि मग उघडा. सव्वादोन दिसले तर ॲप राजमाचीवरही चालेल. पांढरा स्क्रीन आणि गोल फिरणारं चक्र दिसलं, तर अजून काम बाकी आहे. आणि उत्तराखाली ‘वेळापत्रक अमुक तारखेचं’ असं लिहायला विसरू नका. ऑफलाइन वेळा जुन्या होतात, आणि चुकीची वेळ हातात पडली तर माणूस जंगलातून धावत येऊनही गाडी चुकवेल.